स्टँडर्ड अ‍ॅडिशन म्हणजे सगळ्यावर उतारा नव्हे

"फ्लेम फोटोमीटरवर सोडियम-पोटॅशियम काढताना स्टँडर्ड अ‍ॅडिशन केलं की नमुना कसाही असो, उत्तर बरोबरच येतं. ब्लँक लागत नाही, दोन रीडिंगांत काम होतं. खात्री हवी तर रिकव्हरी बघा."

स्टँडर्ड अ‍ॅडिशन म्हणजे नमुन्यातच माहीत असलेलं प्रमाण वाढवत घालायचं, दर वेळी रीडिंग घ्यायचं आणि मिळालेली रेष मागे वाढवून मूळ प्रमाण काढायचं. पण नमुना कसाही चालत नाही. द्रावण दाट असेल तर त्याचे तुषार ज्योतीत सोडणारा नेब्युलायझर ते कमी ओढतो आणि रीडिंग ठरावीक पटीत घसरतं. मिसळलेलं स्टँडर्डही त्याच द्रावणात असल्यामुळे तेही तेवढंच घसरतं, म्हणून ही चूक खरोखर निघून जाते. पण ज्योतीत दुसऱ्याच कशाचा उजेड मिसळत असेल तर तो प्रत्येक रीडिंगमध्ये सारखाच भर घालतो, आणि ही पद्धत त्याला नमुन्यातलंच सोडियम समजते.

कॅल्शियम नायट्रेट असलेल्या खताच्या द्रावणातलं सोडियम घ्या. सोडियमचा प्रकाश 589 नॅनोमीटरला असतो, पण तापलेलं कॅल्शियम 622 च्या आसपास रुंद पट्टा देतं आणि साध्या फिल्टरमधून त्यातला थोडा आत येतो. समजा, 100 मिलीच्या चार फ्लास्कमध्ये प्रत्येकी 10 मिली नमुना घेतला, 100 मिग्रॅ/लिटरचं सोडियम स्टँडर्ड 0, 2, 4, 6 मिली घातलं आणि सगळे खुणेपर्यंत भरले. डिस्टिल्ड वॉटरवर शून्य लावल्यावर रीडिंग आली 20, 36, 52, 68. सरळ रेष, उतार दर मिग्रॅ/लिटरला 8, म्हणून फ्लास्कमध्ये 20 भागिले 8, म्हणजे 2.5 आणि मूळ नमुन्यात 25 मिग्रॅ/लिटर. आता फ्लास्कमध्ये आहे तेवढंच कॅल्शियम असलेलं, सोडियम नसलेलं द्रावण, म्हणजेच ब्लँक, लावलं आणि ते 4 दाखवतं. मग 16 भागिले 8, म्हणजे 2, आणि नमुन्यात 20. ब्लँक टाळल्याने पाव हिस्सा जास्त आला असता. (हा ब्लँक बनवायला कमी सोडियमचाच कॅल्शियम क्षार घ्या, नाहीतर चूक उलट्या बाजूने होते.)

आणि रिकव्हरी, म्हणजे घातलेल्या सोडियमपैकी किती टक्के मोजणीत परत मिळालं ते? वरच्या रीडिंगांतून ती चोख 100 टक्के निघते, कारण उतार बरोबरच आहे. नमुना आणखी पातळ करूनही हे उघडं पडत नाही, सोडियमबरोबर कॅल्शियमही तेवढंच पातळ होतं.

दोन रीडिंगांतून रेष नेहमी सरळच निघते, अडचण तीच आहे. सोडियम वाढलं की ज्योतीच्या कडेचे अणू आतला प्रकाश शोषतात आणि आलेख वर जाताना आडवा होत जातो. तिथे उतार कमी भरतो, म्हणून रेष मागे वाढवली की उत्तर जास्त येतं. निदान चार बिंदू घ्या, शेवटची भर नमुन्यातल्या अंदाजी प्रमाणाच्या दुपटी-तिपटीएवढी ठेवा. शेवटचा बिंदू रेषेखाली गेला तर सगळं पातळ करून पुन्हा मोजा. पोटॅशियमचं कमी प्रमाणात उलटंही होतं: अणू आयनीभूत होत असल्याने आलेख वर वळतो. त्यासाठी सगळ्या फ्लास्कमध्ये आणि ब्लँकमध्ये सारखंच सिझियम क्लोराइड घालतात.