घाम, गूळ आन शुगर: जिनिंगमधल्या भावांसोबत बोललो ते

"डॉक्टरसाहेब, आमच्या ग्रुपवर मेसेज फिरून रायला, शुगर हा बसून खाणाऱ्याचा रोग हाय, घाम गाळणाऱ्याले होत नाही. साखर बंद करा, गूळ खा, तपासायची गरज नाही. खरं हाय का हे?"

नाही भाऊ. आधी घामाचं पाहू. घाम म्हणजे अंग थंड करायची सोय, बस. मे महिन्यात पानठेल्यावर नुसतं खर्रा घोटत बसलं तरी शर्ट भिजते, मग तिथं शुगर जळली का? शुगर जळते ती पोटऱ्या, मांड्या, पाठ हे मोठे स्नायू हलले की. तुमच्यापैकी जे कापसाचे बोजे उचलतात त्यांचे स्नायू हलतात, मान्य. पण जो आठ तास मशीनपाशी एकाच जागी उभा हाय, बटन दाबते आन रुई पाहते, तो घामाघूम होते खरा, पाय मात्र तिथंच.

मागच्या सीझनला असाच एक भाऊ आला होता, बेचाळीस वर्षांचा, हातपाय काड्या. म्हणे मी तर बारीक, मले काय होते. टेप बेंबीवरून फिरवला तर ३७ इंच. पॅन्टचा नंबर ३४ होता, कारण पॅन्ट तो पोटाच्या खाली बांधे (सगळेच बांधता, हसू नका). आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या वर आन बाईची ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीसच्या वर गेली की धोका वाढते. पोटात आत जी चरबी बसते ती इन्सुलिनले नीट काम करू देत नाही, आन ती हात बारीक असले तरी बसते.

त्याची उपाशीपोटीची शुगर निघाली ११८. शंभराच्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा वर गेली आन दुसऱ्यांदा तपासूनही तेवढीच आली तर डायबेटीस. म्हणजे हा उंबरठ्यावर होता, आन त्याले काहीच त्रास नव्हता. ना तहान, ना जास्त लघवी. आता सांगा, तपासलं नसतं तर कळलं असतं कसं?

आता गूळ. हा भाऊ गुळाचाच चहा पिये, मेसेज वाचूनच! दिवसाचे सहा कप, कपात दोन चमचे गूळ, म्हणजे बारा चमचे, साठेक ग्रॅम. गुळात थोडंफार लोह वगैरे असते पण बाकी जवळपास सगळी साखरच, रक्तात गेल्यावर शरीर काही विचारत नाही की तू उसाची पांढरी का पिवळी. मी गूळ सोड नाही म्हटलं, चहा तीन कप आन कपात अर्धाच चमचा कर म्हटलं. बाराचे दीड झाले. जेवणात भाताचा डोंगर होता, तो एका वाटीवर आणला, आधी वरण-भाजी-भाकर आन शेवटी भात. आन डबा खाल्ला की लगेच बिडी-खर्रा नाही, यार्डात पंधरा मिनिटं चकरा, कारण जेवल्यावर स्नायू हलले की ते रक्तातली शुगर ओढून घेतात. तीन महिन्यांनी कंबर ३५, शुगर १०१. अजून उंबरठ्यावरच हाय, पण उतरून रायली, म्हणून दर वर्षी तपासायचं.

सगळ्यांचं असं होईलच असं मी म्हणत नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला, २००६ मध्ये छापला. काहीच न बदलणाऱ्या शंभरातल्या ५५ जणांना डायबेटीस झाला, खाणं-चालणं बदलणाऱ्यांतल्या ३९ जणांना. म्हणजे फायदा हाय, पण गॅरंटी नाही.

तपासायचं कसं हे नीट ऐका, इथंच घोटाळा होते. उपाशी म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काही नाही, चहा पण नाही. नाईटवाले पहाटे चारला चहा पितात आन सकाळी आठला येऊन म्हणतात उपाशी हाय! तुम्ही चारला प्यायले तर बारानंतर या. बोटावर तपासत असाल तर आधी हात धुवा, गुळाचं बोट असलं तर मशीन उगाच जास्त दाखवते. आन कोणाले सिकलसेल असेल, आपल्याकडे आहेत बरेच, तर आधी सांगा, लपवू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी टेस्ट असते ती त्यांच्यात खोटं कमी दाखवू शकते, कारण रक्तपेशी लवकर मरतात. त्यांची उपाशी आन ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी शुगर पाहायची.

वय तीसच्या वर असेल तर उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते, आशाताईले विचारा. उद्या इथं गेटवर मी टेप घेऊन बसतो, शर्ट वर करायले लाजू नका.