दहा नगांची अट कुठून आली

वाचकाची प्रतिक्रिया: "हातमागाच्या स्टोलसाठी दुकानांना पाठवायच्या मेलचा तुमचा नमुना वाचला. माझं पुण्यात छोटं गिफ्टचं दुकान आहे. किमान दहा नग, तेही एकाच काठाचे, वर सहा आठवडे थांबा, हे पहिल्याच मेलमध्ये दिसलं तर मी पुढचं वाचणारच नाही. यंत्रमागाचा माल मला चार नगसुद्धा मिळतो आणि चार दिवसांत येतो. आधी माल दाखवा, अटी नंतर फोनवर सांगा."

ताई, नमस्कार.

उत्तर लांबणार आहे, कारण त्यासाठी तुम्हाला आधी मागाजवळ न्यावं लागेल. आमच्याकडे, भंडारा जिल्ह्यात, कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, स्टोल विणतात आणि त्यांना करवती काठ असतो. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी दिसते. ती आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांनी होते: एक धोटा अंगाचा आणि दोन्ही काठांना एकेक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा दर ओळीला एकमेकांत अडकून मागे फिरतात, म्हणून काठ भरीव, एकाच रंगाचा दिसतो. त्यासाठी काठाचा रंग आडव्या धाग्यात लागतो तसाच उभ्या धाग्यातही, म्हणजे ताण्यातही लागतो. आणि ताणा एकदा मागावर चढला की तो संपेपर्यंत काठाचा रंग बदलता येत नाही.

आमचा ताणा २५ मीटरचा असतो. दोन मीटरच्या स्टोलला दोन्ही टोकांच्या गोंड्यांचे २० सेंटिमीटर लागतात, विणताना धागा आटतो त्याचे साधारण १५, असे मिळून २ मीटर ३५ सेंटिमीटर. दहा स्टोलना साडेतेवीस मीटर. उरलेला दीड मीटर सुरुवातीला आणि शेवटी मागातच अडकतो, त्याचं कापड होत नाही. माझी दहाची अट इथून आली.

"मग ताणा आखूडच लावा," असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसं केलं होतं. एका दुकानाने निळ्या काठाचे चारच नग मागितले. पहिलीच ऑर्डर होती, आम्ही हो म्हणालो आणि ११ मीटरचा ताणा लावला. पण ताणा मोजून काढायचा आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला सांधायचा, हे काम ताण्याच्या लांबीने कमी होत नाही. आमच्या स्टोलच्या रुंदीत तेराशेवर धागे आहेत. चार स्टोल असोत की दहा, सांधायचे तेवढेच. या तयारीला एका माणसाचे तीन दिवस जातात. रोज ५०० रुपये धरा: दहा नगांत वाटले तर नगामागे १५० रुपये, चारांत वाटले तर ३७५. दीड मीटर वाया जातं तेही तेवढंच. आम्ही दर मात्र दहा नगांचाच लावला होता, आणि विणणाऱ्या बाईंचे पैसे कमी करायचे नाहीत हे घरात ठरलेलं. फरक आमच्या खिशातून गेला. पुढच्या वेळी खरा दर सांगितला तेव्हा त्या दुकानाला आम्ही भाव वाढवल्यासारखं वाटलं आणि संबंध तिथेच संपला. ही गोष्ट पहिल्या मेलमध्ये असती तर दोघांचाही वेळ वाचला असता. म्हणून अट फोनवर ढकलणं मला पटत नाही.

मुदतीचंही असंच. काठाचं सूत रंगवून वाळायला तीन दिवस, तयारीला तीन, दिवसाला एक स्टोल या वेगाने विणायला दहा, गोंडे वळून, धुऊन, तपासून घ्यायला दोन. एका ताण्याला कामाचे १८ दिवस झाले. आता समजा तुम्ही तीन रंगांच्या काठांचे ३० नग मागितले. आमचे माग दोन. एका मागावर दोन ताणे एकामागून एक चढतील, म्हणजे २६ दिवस, त्यात रंगाचे तीन आणि शेवटचे दोन, एकूण ३१. आठवड्याला सहा दिवस काम धरलं तर पाच आठवडे उलटून जातात. मी सहा लिहिते. जुलैत मात्र आठ लिहिते, कारण हा धानाचा मुलूख आहे आणि रोवणी लागली की माग सोडून सगळे धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात असतात. मुदत सांगताना मागांची संख्या लपवणारा विणकर दिवाळीचा माल दिवाळीनंतर पाठवतो, आणि तो माल तुमच्या दुकानात पुढच्या वर्षापर्यंत पडून राहतो.

तरी तुमच्या रागातली एक गोष्ट मला अगदी पटली. माझ्या नमुन्यात दहाखाली काहीच नव्हतं. छोट्या दुकानाला दारच ठेवलं नव्हतं, आणि ते ठेवता येत होतं. काठाचा रंग ताण्यात अडकलेला असला तरी पदराचे पट्टे फक्त आडव्या धाग्याचे असतात. ते दर स्टोलला बदलता येतात, त्यासाठी फक्त वेगळ्या रंगाची कांडी भरायची. म्हणून एक ताणा आम्ही आमच्या पसंतीच्या काठाचा लावायचा आणि तीन-चार दुकानांनी तो वाटून घ्यायचा, प्रत्येकाने आपल्या पदराचा रंग सांगायचा. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मेल असा बदलला:

"विषय: भंडाऱ्याचे कोसा स्टोल, करवती काठ, ३ नगांपासून

नमस्कार. आम्ही दोन हातमागांवर कोशाचे स्टोल विणतो. सोबत आठ फोटो आहेत. प्रत्येकाखाली क्रमांक, माप आणि घाऊक दर दिला आहे.

तयार माल: फोटो १ ते ३, एकूण ११ नग. कितीही घ्या, चार दिवसांत पाठवू.

चालू ताणा: मरून काठ. यातले ३ नगांपासून घेता येतील. पदराचा रंग १० तारखेपर्यंत कळवा, माल चार आठवड्यांत.

तुमच्या पसंतीचा काठ: एका रंगाचे १० नग. एका रंगाला चार आठवडे, तीन रंगांना सहा. ऑर्डरसोबत निम्मी रक्कम.

कोशाचा मूळ रंग खेपेगणिक थोडा फिकट-गडद येतो. पुन्हा मागवताना जुन्याशी तंतोतंत जुळेल असं धरू नका."

एवढंच. आमची कहाणी, परंपरा, पिढ्या हे सगळं मी काढून टाकलं; ते स्टोलसोबतच्या चिठ्ठीत आहे, तुमच्या गिऱ्हाइकासाठी. माल आधी दाखवा हे तुमचं म्हणणंही मान्य, म्हणून फोटोंचा उल्लेख अटींच्या वर आणला.

फोटोंबद्दल एक सांगते, कारण तुम्ही यंत्रमागाच्या मालाशी तुलना केलीत. आठातला एक फोटो काठाच्या मागच्या बाजूचा आहे. खऱ्या करवती काठाचे दात उलट बाजूलाही तसेच स्वच्छ दिसतात, कारण धागे एकमेकांत अडकलेले असतात. नकलेत नक्षीचे धागे बहुतेक वेळा मागे सुटे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. तुमच्याकडचा चार दिवसांत येणारा स्टोल एकदा उलटा करून पाहा. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच दरात दाखवता येणार नाहीत.

मरून ताण्यावर अजून चार नग मोकळे आहेत. त्यातले तीन हवे असतील तर पदराचा रंग कळवा. पुण्यात मोहरी आणि राखाडी चालतात असं मला दोन दुकानांनी सांगितलं आहे, पण तुमच्या गल्लीत काय चालतं ते तुम्हालाच ठाऊक.