30 फेब्रुवारीची पावती

काल लिफ्टमध्ये समोरचे साहेब चार मजले माझ्याकडे न बघता आले आणि उतरताना दरवाज्याला उद्देशून म्हणाले, "खरा सीए असता तर पाच मिनिटांत केलं असतं!"

मी सीए नाही, हे मी कधी लपवलेलं नाही. बी.कॉम. आहे, हॉलमधल्या टेबलावर अर्ध्या सोसायटीची रिटर्नं भरतो. कोपऱ्यावरचा चक्कीवालाही येतो. यूपीआयच्या विक्रीवर 6 टक्के, रोखीवर 8 टक्के नफा धरायचा, हे त्याला आता पाठ आहे. बँकेने सीएचा दाखला मागितला तेव्हा ते माझं काम नाही म्हणालो, तर तो निमूट सीएकडे गेला. साहेब शिकलेले, म्हणून अडचण.

साहेबांनी बारा भाडेपावत्या आणल्या होत्या. महिना 20,000, घरमालक मातोश्री. घर खरंच त्यांच्या नावावर आहे. पण वर्षाला लाखाच्या वर भाडं म्हणून ऑफिसने घरमालकाचा पॅन मागितला, तेव्हा हे गप्प बसले. आता घरभाड्यावरची ती करसूट रिटर्नमध्ये घालायची होती. बाराही पावत्यांवर एकच शाई, एकच अक्षर. फेब्रुवारीच्या पावतीवर तारीख 30.

"तुम्हाला काय, बटण तर दाबायचंय. ओटीपी माझ्याच फोनवर येणार."

येणार हो. पण खोटं आहे हे कळूनही भरून देणाऱ्यासाठी कायद्याने वेगळी सोय केलेली आहे, तिथे ओटीपी लागत नाही. म्हटलं, बँकेतून पैसे दिल्याची नोंद दाखवा.

तेवढ्यात आजी साखर मागायला आल्या आणि पावती उचलून वाचू लागल्या.

"हा मला वीस हजार देतो?"

"कागदावर, आई."

"कधीपासून?"

"मागच्या एप्रिलपासून," मी म्हणालो. बोलायला नको होतं.

आजींनी बोटांवर हिशेब केला. "दोन लाख चाळीस हजार. आणि मी गोळ्या पेन्शनमधून आणते!"

साहेब म्हणाले, तुला उगाच टॅक्स लागेल. मला राहवलं नाही. भाड्यातून 30 टक्के वजा जाऊन 1,68,000 उरतात. आजींची पेन्शन 1,80,000. बेरीज पाच लाखांच्या आत, जुन्या पद्धतीत कर शून्य. म्हणजे दर महिन्याला आईच्या खात्यात खरेच पैसे टाकले असते, तर साहेबांची सूट सरळ मिळाली असती. उलटून गेलेल्या वर्षाला मात्र इलाज नाही.

हा सल्ला फुकट होता. त्याची फी लिफ्टमध्ये मिळाली. वर माझी साखरेची वाटी अजून तिकडेच आहे.

आज सकाळी आजींनी दारातून हळूच विचारलं, "डिपॉझिट किती महिन्यांचं घेतात रे हल्ली?"