हेलियमचा ट्रिपलेट खालीच असतो, पण इलेक्ट्रॉन लांब राहतात म्हणून नाही

"हेलियमचा एक इलेक्ट्रॉन 1s मधून 2s मधे गेला आणि दोघांचे स्पिन एकाच दिशेला असले की ते छोट्या लोहचुंबकांसारखे जुळतात. शिवाय एक्सचेंज नावाचं एक वेगळं क्वांटम बल लागतं, आणि समांतर स्पिनवाले इलेक्ट्रॉन एकमेकांपासून लांब राहतात म्हणून रिपल्शन कमी होतं. म्हणून ट्रिपलेट सिंगलेटच्या खाली."

हे नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. निष्कर्ष बरोबर आहे, ट्रिपलेट खालीच असतो. ग्राउंड स्टेटपासून मोजलं तर 1s2s चा ट्रिपलेट 19.82 इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे आणि सिंगलेट 20.62 वर, मधे साधारण 0.80 ची गॅप. पण तिथे पोचायला दिलेली तिन्ही कारणं चुकीची आहेत, आणि तिसरं तर बऱ्याच चांगल्या शिकवणाऱ्यांच्या तोंडीसुद्धा ऐकू येतं, म्हणून जास्त वेळ त्याच्यावरच घालवणार आहे.

आधी लोहचुंबक. हे एका आकड्यात निकाली निघतं. दोन इलेक्ट्रॉन एक अँगस्ट्रॉम अंतरावर धरा, त्यांच्या चुंबकीय मोमेंटमधली एनर्जी काढा, ती साधारण 0.00005 इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. आपल्याला समजवायचेत 0.80. म्हणजे पंधरा हजार पटीचा फरक आहे, आणि हा काही अंदाज थोडा इकडेतिकडे करून भरून निघणारा नाही. वर 2s चा ट्रिपलेट सगळ्या दिशांना सारखा असल्याने दोन मोमेंटमधली दिशेवर अवलंबून असलेली एनर्जी सरासरीत शून्य होते, म्हणजे तेवढंसुद्धा हाती लागत नाही. स्पिनच्या चुंबकीय एनर्जीचा खरा परिणाम बघायचा असेल तर 1s2p च्या ट्रिपलेटमधे बघा, तिथे तीन लेव्हल वेगळ्या होतात आणि सगळ्यात वरची ते सगळ्यात खालची अंतर 0.00013 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. स्पेक्ट्रममधे ज्याला फाइन स्ट्रक्चर म्हणतात ते हे. सिंगलेट-ट्रिपलेट गॅप ही वेगळ्याच मापाची गोष्ट आहे, आणि 1926 साली हायझेनबर्गने हेलियमचं कोडं सोडवलं तेव्हा नेमकी हीच अडचण समोर होती, की इतकी मोठी गॅप चुंबकीय परिणामातून निघूच शकत नाही.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. ट्रिपलेट म्हणजे तीन स्टेट्स, आणि त्यातल्या मधल्या स्टेटमधे एक स्पिन वर आणि एक खाली असतो, फक्त दोन शक्यता प्लसने जोडलेल्या असतात (सिंगलेटमधे त्याच दोन शक्यता मायनसने जोडलेल्या असतात). बाहेरून चुंबकीय क्षेत्र नसेल तर 1s2s मधे या मधल्या स्टेटची एनर्जी बाकीच्या दोघांएवढीच आहे. "समांतर जुळले म्हणून खाली" हे खरं असतं तर हा मधला वर राहायला हवा होता ना.

आता "वेगळं बल". वरची चिमुकली चुंबकीय एनर्जी सोडली तर हेलियमच्या हॅमिल्टोनियनमधे काय काय आहे ते बघा: दोन इलेक्ट्रॉनची कायनेटिक एनर्जी, दोघांचं न्यूक्लियसकडे आकर्षण, आणि आपसातलं कुलॉम रिपल्शन. संपलं. स्पिन कुठेच नाही, एक्सचेंज नावाची टर्मसुद्धा नाही. स्पिन येतो तो मागच्या दाराने, कारण दोन इलेक्ट्रॉनची अदलाबदल केली की एकूण वेव्हफंक्शनचं चिन्ह उलटायलाच हवं. ट्रिपलेटचा स्पिन भाग अदलाबदलीत तसाच राहतो म्हणून जागेचा भाग उलटणारा घ्यावा लागतो, आणि सिंगलेटमधे बरोबर याच्या उलट:

```
ψ = [1s(1)2s(2) ± 2s(1)1s(2)] / √2
E = E0 + J ± K
```

प्लस सिंगलेटला, मायनस ट्रिपलेटला. E0 म्हणजे आपसातलं रिपल्शन सोडून उरलेली एनर्जी. J म्हणजे 1s आणि 2s चे दोन चार्जचे ढग एकमेकांना ढकलतात त्याची एनर्जी. K म्हणजे एक्सचेंज एनर्जी, आणि तीही त्याच कुलॉम रिपल्शनमधून आलेली आहे, फक्त 1s आणि 2s यांच्या गुणाकाराचा जो ढग बनतो त्याची स्वतःशीच असलेली एनर्जी म्हणून. हा ढग जरा गमतीदार आहे, 2s ला मधे एक नोड असल्याने न्यूक्लियसपासून साधारण 0.53 अँगस्ट्रॉमच्या आत त्याचं चिन्ह एक आणि बाहेर दुसरं, एकूण बेरीज शून्य. बेरीज शून्य म्हणून K पण शून्य असेल असं वाटू शकतं, पण चार्जची कुठलीही मांडणी घ्या, तिची स्वतःशी असलेली कुलॉम एनर्जी पॉझिटिव्हच येते. म्हणून K पॉझिटिव्ह, म्हणून मायनसवाला ट्रिपलेट खाली. ट्रिपलेट खाली असण्याचं मूळ हेच आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे.

इथवर आलं की बहुतेक जण म्हणतात, म्हणजे शेवटी रिपल्शन कमी झाल्यामुळेच ना? आणि इथेच खरी गडबड आहे.

आकडे टाकून बघू. दोन्ही इलेक्ट्रॉनना न्यूक्लियसचा पूर्ण चार्ज 2 दिसतो असं धरून हायड्रोजनसारखे 1s आणि 2s घेतले तर E0 येतो -68.03, J येतो 11.42, K येतो 1.19. सिंगलेट -55.41, ट्रिपलेट -57.80. गॅप 2.39 आली. मोजलेली 0.80. क्रम बरोबर आला, पण गॅप तिप्पट, आणि एकूण एनर्जी तपासली तर मोजलेल्या -58.39 आणि -59.19 पासून दोन्ही स्टेट्स वरच राहिल्या, सिंगलेट तर तीन इलेक्ट्रॉनव्होल्टने. एवढी मोठी चूक दिसली की थांबून विचारायला हवं की आपण काय गृहीत धरलं. आपण असं धरलं की दोन्ही स्टेट्समधे ऑर्बिटल अगदी तेच आहेत, आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन चार्ज 2 च्या ओढीने आत आवळलेला आहे. खरं तर आत 1s चा इलेक्ट्रॉन बसलेला असल्याने बाहेरच्याला जवळपास 1 एवढाच चार्ज दिसतो, तो बराच पसरतो, आणि किती पसरतो ते सिंगलेट आणि ट्रिपलेटमधे सारखं नसतं.

नेमक्या वेव्हफंक्शनची गणितं कित्येक वर्षांपासून खूप दशांश स्थळांपर्यंत उपलब्ध आहेत, त्यात दोन इलेक्ट्रॉनमधलं सरासरी अंतर बघा: सिंगलेटमधे 2.79 अँगस्ट्रॉम, ट्रिपलेटमधे 2.35. ट्रिपलेटचे इलेक्ट्रॉन जास्त जवळ आहेत! आणि सरासरी रिपल्शन सिंगलेटमधे 6.79 इलेक्ट्रॉनव्होल्ट, ट्रिपलेटमधे 7.30. म्हणजे खाली असलेल्या स्टेटमधे रिपल्शन अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टने जास्त आहे. "लांब राहतात म्हणून रिपल्शन कमी" यातले दोन्ही भाग उलटे निघाले.

मग ट्रिपलेट खाली कशामुळे? न्यूक्लियसमुळे. न्यूक्लियसकडच्या आकर्षणाची एनर्जी ट्रिपलेटमधे 125.68 आहे आणि सिंगलेटमधे 123.58, म्हणजे ट्रिपलेटला 2.10 चा फायदा. त्यातून 0.50 जास्तीच्या रिपल्शनमधे गेले, 0.80 जास्तीच्या कायनेटिक एनर्जीत गेले, उरले 0.80. मोजलेली गॅप तेवढीच आहे.

हे घडतं कसं ते सांगतो. ट्रिपलेटच्या वेव्हफंक्शनमधल्या मायनसमुळे दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच जागी सापडण्याची शक्यता शून्य होते, त्याला फर्मी होल म्हणतात. "लांब राहतात" हा समज इथूनच निघालाय, आणि ऑर्बिटल गोठवून ठेवले तर तो खराही आहे. पण ऑर्बिटल गोठलेले नसतात. जवळ येणं टळलं की आतला इलेक्ट्रॉन बाहेरच्याच्या आणि न्यूक्लियसच्या मधे कमी वेळा येतो, स्क्रीनिंग कमी होतं, बाहेरच्या इलेक्ट्रॉनला न्यूक्लियस जास्त जाणवतो आणि तो आत ओढला जातो. आत आला की रिपल्शन पुन्हा वाढतं, पण न्यूक्लियसकडून मिळालेला फायदा त्याहून मोठा असतो म्हणून हा सौदा परवडतो. सिंगलेटमधे उलटं होतं, जवळ येणं टळत नाही, रिपल्शन महाग पडतं म्हणून बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब सरकतो, आणि लांब गेल्यामुळे न्यूक्लियसची ओढ गमावतो. गोठवलेल्या गणितात सिंगलेटचं रिपल्शन 12.62 होतं आणि ट्रिपलेटचं 10.23. ऑर्बिटल मोकळे सोडल्यावर दोन्ही उतरले, पण सिंगलेट इतका पसरला की त्याचं रिपल्शन ट्रिपलेटच्याही खाली गेलं.

आकड्यांवर विश्वास नसेल तर एक सोपी तपासणी आहे, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. कुलॉमच्या कुठल्याही अणूत व्हिरियल प्रमेयाने सरासरी कायनेटिक एनर्जी ही एकूण एनर्जीच्या आकड्याएवढीच असते, चिन्ह बदलून. म्हणजे जी स्टेट 0.80 ने खाली, तिची कायनेटिक एनर्जी 0.80 ने जास्त असायलाच हवी. गोठवलेल्या ऑर्बिटलमधे दोन्ही स्टेट्सची कायनेटिक एनर्जी तंतोतंत सारखी येते, सगळा फरक रिपल्शनमधेच. तेव्हा "फक्त रिपल्शन कमी झालं" हे वाक्य खऱ्या अणूबद्दल असूच शकत नाही, प्रमेयच मोडतं. आणि प्रयोगात बघायचं तर बाहेरचा इलेक्ट्रॉन काढून टाकायला ट्रिपलेटमधून 4.77 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, सिंगलेटमधून 3.97. चार्ज 1 भोवतीच्या साध्या n=2 ला 3.40 लागले असते. दोघंही त्याहून घट्ट बसलेत, ट्रिपलेट जास्त घट्ट.

1960 च्या दशकात अर्नेस्ट डेव्हिडसनने हेलियमच्या एक्सायटेड स्टेट्सवर काम करून ही गोष्ट पुढे आणली, म्हणजे नवीन काही नाहीये, तरी जुनं स्पष्टीकरण फिरतंच राहतं कारण ते गोठवलेल्या ऑर्बिटलच्या, म्हणजे फर्स्ट ऑर्डरच्या, गणितातून सरळ निघतं आणि उत्तराची दिशा बरोबर येते. फर्स्ट ऑर्डर शिकवायला माझी काहीच हरकत नाही, उलट K समजायचा तर तोच रस्ता आहे, फक्त त्यातल्या J आणि K ला खऱ्या अणूतलं रिपल्शन समजू नका.

आणि हे फक्त 2s पुरतं नाही. 1s2p मधे 1s आणि 2p चा ओव्हरलॅपचा ढग वेगळा, K लहान, गॅपही 0.25 एवढीच, तरी तिथेसुद्धा ट्रिपलेटचं रिपल्शन 7.26 आणि वरच्या सिंगलेटचं 6.67 येतं.