पन्नास दिवस फुकट

"काका, यूपीआयनं भरताय? पॉइंट सोडून?"

मला काका म्हणणारा हा गृहस्थ माझ्याच वयाचा होता. टक्कल पाहता थोडा पुढेच गेलेला. यंदापासून शाळेनं चेक घेणं बंद केलंय. पोर्टल घरून उघडत नाही म्हणून सगळे पालक शाळेतल्या खिडकीशी रांग लावून, आपापल्या मोबाइलवर तेच पोर्टल उघडत उभे होते. खिडकीतल्या बाई कशासाठी बसल्या होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

फी एक लाख. पोर्टलवर यूपीआयला चार्ज शून्य, नेटबँकिंगला पंधरा रुपये अधिक जीएसटी, क्रेडिट कार्डला १.८ टक्के अधिक जीएसटी. मी शून्यावर बोट ठेवलं आणि मागून हे काका आले.

त्यांनी पाकीट उघडलं. रमीचा हात लावावा तशी सात-आठ कार्डं पसरली. "हे पेट्रोलला, हे विमानतळाच्या लाउंजला, आणि हे," एक काळं कार्ड वर धरून ते म्हणाले, "मोठ्या खर्चाला. शंभराला एक पॉइंट. वर पन्नास दिवस बँकेचे पैसे फुकट वापरायचे. तुमचे आजच गेले बघा."

माझे आजच गेले हे खरं होतं. पण म्हटलं, हिशेब तरी करू. रांग काही हलत नव्हती.

"चार्ज किती लागतो?"

"किरकोळ."

एक लाखाचे १.८ टक्के म्हणजे १८००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३२४. एकूण २१२४ रुपये. पॉइंट मिळाले हजार, पण त्यांच्या बँकेत पॉइंटचा भाव पंचवीस पैसे, म्हणजे अडीचशे रुपये, तेही व्हाउचरमध्ये. आणि लाखभर रुपये पन्नास दिवस बचत खात्यात ३ टक्क्यांनी पडून राहिले तर व्याज येतं साधारण ४११. दोन्ही मिळून साडेसहाशेच्या आसपास, आणि खर्च एकवीसशे.

"एफडीत टाकायचे," ते म्हणाले.

साडेसहा टक्के धरले तरी पन्नास दिवसांत नऊशे होत नाहीत. उलट बाजूनं पाहिलं तर पन्नास दिवसांसाठी २.१२ टक्के मोजणं म्हणजे वर्षाला साडेपंधरा टक्के दरानं कर्ज काढणं. फुकट कसलं?

"बरं, तुमचं बिल कधी बनतं?"

"वीस तारखेला. भरायची मुदत पुढे वीस दिवस."

"आज सतरा आहे."

पन्नास दिवस मिळतात ते बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी खर्च केला तर. सतराला केलेला खर्च, विसाच्या आत खात्यावर चढला की, त्याच बिलात जाणार, म्हणजे हातात उरतात तेवीस दिवस. तेवीस दिवसांसाठी तेच २१२४ रुपये म्हणजे वर्षाला जवळजवळ चौतीस टक्के. त्यांनी तारखेकडे पाहिलं, मग कार्डाकडे.

"पण वर्षाला तीन लाख खर्च झाला की कार्डाची वार्षिक फी माफ होते."

इथे मात्र त्यांच्याशी भांडता येईना. माफ होणारी फी जीएसटीसकट तीन हजारांच्या घरात असेल, वर्ष संपत आलं असेल आणि नेमका लाखच कमी पडत असेल, तर एकवीसशे मोजणं हिशेबात बसतं. पण बऱ्याच कार्डांच्या अटींत घरभाडं, सरकारी कर आणि कुठे कुठे शिक्षणही पॉइंटमधून वगळलेलं असतं आणि त्या तीन लाखांतूनही. बँकेला ते दुकानाच्या चार आकडी कोडवरून कळतं. शाळांचा असतो ८२११. काही बँका तर तिसऱ्याच अॅपमधून फी भरली की वर आपलाही एक टक्का लावतात. आणि बिल पुरं भरलं नाही की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू, तेही खर्चाच्या तारखेपासून. म्हणजे फुकटचे दिवसही पूर्वलक्षी प्रभावानं रद्द.

"अटी वाचल्यात का?" मी विचारलं.

"त्या कोण वाचतं, काका!"

आणि त्यांनी त्या काळ्या कार्डानं, सतरा तारखेला, माझ्यादेखत पैसे भरले.

मला राग त्यांचा नाही. शाळेचा आहे. चेक होता तेव्हा कागद, पेन आणि एक सही, बाकी कुणाला छदाम नाही. आता शाळेचा हिशेब आपोआप जुळतो, कारकुनाचं काम वाचतं, आणि कार्डाखेरीज ज्याच्याकडे या महिन्यात दुसरं काही नाही अशा आईबापांकडून एकवीसशे उकळले जातात. खिडकीतल्या बाईंना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, तक्रार पोर्टलवर टाका.