व्याज सगळं खर्चायचं नसतं

“आत्या, हा मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘रिटायर झाल्यावर ५० लाख एफडीत टाका, ७ टक्क्यांनी महिना २९ हजार घ्या. मुद्दलाला हात लागत नाही, जन्मभर चिंता नाही, शेअर बाजाराची भानगडच नको.’ पुढच्या वर्षी मीही असंच करू ना? तुझंही पेन्शनवर छान चाललंय.”

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

आधी माझ्या पेन्शनचं. ती जुनी सरकारी पेन्शन आहे, महागाई वाढते तसा तिच्यावरचा महागाई भत्ताही वाढतो. तुझ्या एफडीला महागाई भत्ता कोण देणार? तो तुझ्या पैशातूनच निघायला हवा. म्हणून माझ्याकडे बघून ठरवू नकोस.

मुद्दलाला हात लागत नाही म्हणतात, पण महागाईचा हात लागतोच. ती ६ टक्के धरली, तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. तू ७२ वर्षांची होशील तेव्हा पासबुकात ५० लाखच दिसतील, पण त्यांत आजच्या २५ लाखांचाच माल येईल. ते २९ हजारही आजच्या साडेचौदा हजारांवर आलेले असतील. महागाई ४ टक्केच राहिली तरी हेच होतं, फक्त १८ वर्षं लागतात. म्हणजे तुझ्या अठ्ठ्याहत्तरीत, नेमकी डॉक्टरची बिलं वाढतात तेव्हा.

मुळात ७ टक्क्यांतले ६ ही तुझी कमाईच नाही, मुद्दलाची झीज भरून काढायचे पैसे आहेत ते. हे पैसे २५ वर्षं पुरवायचे आणि दरवर्षी ६ टक्के जास्त काढायचे, तर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण साडेअठरा हजारच घेता येतात. वर्षाचे २ लाख २२ हजार सुरुवातीलाच बाजूला काढ. उरलेले वर्षाअखेरी व्याजासकट ५१ लाखांवर जातात, आणि पुढच्या वर्षी तू महिन्याला १९,६०० काढू शकतेस. सुरुवातीची काही वर्षं पुंजी अशी वाढत राहिली पाहिजे. त्या वर्षांत ती ५० लाखांवरच थबकलेली दिसली, तर आपण जास्त खर्च करतोय असं समज.

‘जन्मभर’ ७ टक्के तरी कुठले? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचाच दर एप्रिल २०२० मध्ये ८.६ वरून ७.४ वर आला होता. जुन्या ठेवींना जुनाच दर राहिला, पण मुदत संपल्यावर जो दर असेल तो घ्यावा लागतो.

राहिला शेअर बाजार. सगळे पैसे तिथे नकोच. पहिल्याच एकदोन वर्षांत बाजार पडला आणि घरखर्चासाठी पडत्या भावात युनिट्स विकावी लागली, तर ते नुकसान भरून निघत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांचा खर्च एफडीत आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेव, आणि जे पैसे सत्तरीनंतर लागणार त्यातला काही भाग इंडेक्स फंडात. सगळं मिळून सरासरी ९ टक्के सुटले, तर त्याच हिशेबात साडेअठराऐवजी पावणेतेवीस हजारांच्या आसपास घेता येतील. ९ टक्क्यांची हमी मात्र कोणी देत नाही, म्हणून सुरुवात साडेअठरानेच कर.

तुझा सध्याचा महिन्याचा खर्च लिहून पाठव, औषधं आणि विम्याचा हप्ता वेगळा दाखव. साडेअठरात बसत नसेल तर नोकरीचं हे उरलेलं वर्ष हातात आहे तोवर काय करायचं ते ठरवू.

तुझी आत्या