बोट सुटलं की राज्य

झड लागून तिसरा दिवस. पारावर बसायची सोय नव्हती, म्हणून नानाच्या टपरीच्या पत्र्याखाली आम्ही चौघं दाटीवाटीने उभे. बापू गप्प होता. रविवारी तो गल्लीतली पोरंसोरं सभागृहात जमवून खेळवतो, चार ते तेरा वर्षांची वीसेक. मागच्या खेपेला विषामृत चालू असताना एका मोठ्याची हनुवटी लहान्याच्या कपाळावर आपटली. टेंगूळ आलं, आईने बापूलाच झापलं.

"लहान्यांना लिंबूटिंबू करायचं," नाना म्हणाला. "पळू दे मोकळे, राज्य नको."

"नही भो," बापू उसळला. "लिंबूटिंबू म्हणजे आपण मोजणीत नाही, हे पाच वर्षांच्याला पक्कं कळतं. मग तो मुद्दाम आडवा येतो."

माझं मत होतं लंगडीचं, म्हणजे वेग आपोआप कमी. दिलीपदादांनी हात झटकला. "तुले काय समजस! शहाबादी फरशी, ओल्या पायांची पोरं, त्यात एका पायावर उभं करतोस?" दादा तरुणपणी खो-खो खेळलेले. त्यांचं म्हणणं, पोरं पळाल्याने आपटत नाहीत, समोरासमोर आल्याने आपटतात. पळणारा मागे बघतो आणि पुढचा त्याला दिसत नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला उलटं फिरता येत नाही, तसंच इथेही सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं.

मग नानाच्या हिशेबाच्या वहीवर आखणी सुरू झाली. सभागृह तीस फूट बाय वीस. चारी भिंतींपासून तीन-तीन फूट सोडून खडूची रेघ, म्हणजे कोणी घसरला तरी भिंतीवर जाणार नाही. मधोमध चौदा बाय चारचं 'शेत', आणि त्याभोवती पाच फुटांची वाट. सतरंजी टाकू म्हणालो, तर ती फरशीवर सरकते म्हणून दादांनी तीही उडवली. पाय पुसायचे आणि अनवाणी खेळायचं. मोजे तर अजिबात नकोत, ते फरशीवर साबणासारखे.

वेगाचं मात्र अडलं. "चालायचं, पळायचं नाही" असं सांगून तेरा वर्षांचं पोरगं ऐकतं थोडंच? जोड्या लावायच्या ठरल्या, एक मोठा आणि एक लहान, हात धरून. यावर नानाची बायको आतून म्हणाली, "हात धरून ओढाल तर कोपरं निखळतील." खरं बोलली. चार-पाच वर्षांखालच्याचा हात झटक्याने ओढला की कोपराजवळचं हाड जागेवरून सरकतं, पोर हात लोंबता धरून रडत बसतं. तिने भावाच्या पोरीचं पाहिलेलं.

त्यावर बापूला सुचलं ते मला आजही आवडतं: मोठ्याने हात धरायचाच नाही, फक्त एक बोट पुढे करायचं. धरायचं ते लहान्याने. मोठा जोरात गेला की बोट सुटणार, आणि बोट सुटलं की त्या जोडीवर राज्य! वेगावर नजर ठेवायला पंच नको. राज्य असलेल्या जोडीत शिवायचा हक्कही लहान्याचाच, तोही पुढच्या मोठ्याच्या पाठीवर.

रविवारी करून पाहिलं. उंचीने रांग लावून सर्वांत मोठ्याला सर्वांत लहान दिला, तर मधले दहावा-अकरावा जवळपास सारखे निघाले. ती जोडी कोणाच्या हाती लागेना. मग पहिल्याला अकरावा, दुसऱ्याला बारावा असं लावलं. आता प्रत्येक जोडीत फरक साधारण सारखा झाला.

दहाही जोड्या वाटेवर सोडल्या तर जत्रा झाली, कोणाला हलायला जागा नाही. म्हणून पाच वाटेवर, पाच शेतात बसलेल्या. पकडलेल्या जोडीवर राज्य येतं, आणि आधीची राज्यवाली जोडी बसलेल्यांपैकी एकीला खो देऊन तिच्या जागी बसते. बाद कोणीच होत नाही.

पुन्हा अडचण! एकाच दिशेने फिरत राहिलं तर जोडी जोडीच्या मागेच राहते. म्हणून टाळी वाजली की दिशा उलटायची, म्हणजे राज्याच्या मागे निवांत चालणारे एकदम पुढे येतात. पहिल्याच टाळीला गोंधळ झाला, निम्मे वळले, निम्मे चालतच राहिले, आणि दोन जोड्या छातीला छाती लावून उभ्या. वेग चालण्याचा होता म्हणून हसण्यावर निभावलं. त्यानंतर दोन टाळ्या केल्या. पहिलीला जागेवर थांबायचं, सगळे थांबलेले दिसले की दुसरी, मग वळायचं.

एक दुखणं राहिलंच. तेरा वर्षांच्या एकाला बहिणीएवढ्या पोरीला बोट द्यायची लाज वाटली. तिनेच मग त्याच्या बाहीची कड धरली, सुटली की राज्य तेच. दादा म्हणतात हे चालणार नाही, बाही ताणून पळेल. बापू म्हणतो चालेल, पण सैल बाही नको. पुढच्या रविवारी झड राहिली तर कळेल.